पहिली तीस सेकंदं: खड्डा आणि पायरी

भाईंदर पश्चिमेच्या एका घरात झालेली ही चर्चा. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. चौक गावातल्या धारावी किल्ल्यावरच्या व्हिडिओला आवाज त्यांचा आहे. भाची व्हिडिओ संकलनाचं काम करते, यूट्यूब चॅनेलही तीच सांभाळते. प्रेक्षक किती टिकले हे दाखवणारा त्या व्हिडिओचा यूट्यूब स्टुडिओतला ग्राफ दोघांसमोर उघडा आहे. दोन्ही पात्रं, चॅनेल आणि त्याचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. आलेख वाचायची रीत आणि इतिहास मात्र खरा.

मामा: म्हणजे शंभरातली बेचाळीस माणसं अर्ध्या मिनिटात उठून गेली? चाळीस वर्षं वर्गात शिकवलं, इतकी पोरं कधी पळाली नाहीत.

भाची: वर्गाला दार होतं आणि दारात तू होतास. इथे अंगठा हलवला की झालं. आणि बेचाळीस उठून गेली असंही म्हणता येणार नाही. तिसाव्या सेकंदाला आकडा अठ्ठावन्न टक्के आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे.

मामा: एकच झालं की.

भाची: नाही ना, सगळा घोळ तिथेच होतो. हा ग्राफ माणसं मोजत नाही. व्हिडिओचा तो क्षण किती वेळा पाहिला गेला, त्याला एकूण व्ह्यूजनी भागलं की एक बिंदू मिळतो. पंधराव्या सेकंदाला ५१ टक्के म्हणजे शंभर व्ह्यूजमागे ते पंधरावं सेकंद एक्कावन्न वेळा चाललं. उरलेल्या एकोणपन्नासांतले काही निघून गेले असतील, काहींनी तेवढाच भाग उडवून पुढचं पाहिलं असेल. एखाद्यानं मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा पाहिला तर तो दोनदा धरला जातो. म्हणून कधीकधी आलेख शंभराच्याही वर जातो.

मामा: बरं. मग गेला कोण आणि उडी मारून पुढे आला कोण, हे कळायचं कसं?

भाची: आकारावरून. निघून गेलेला माणूस परत येत नाही, त्यामुळे रेघ खाली येते आणि खालीच राहते. ती पायरी. उडी मारणारा थोडं पुढे पुन्हा हजर असतो, म्हणून रेघ खाली जाते आणि वर चढते. तो खड्डा. आपल्या व्हिडिओत दोन्ही आहेत. व्हिडिओ ८ मिनिटं २० सेकंदांचा, म्हणजे पाचशे सेकंदांचा. यूट्यूबच्या एपीआयमधून हे आकडे काढले तर व्हिडिओचे शंभर समान भाग केलेले मिळतात, म्हणजे आपला एक भाग पाच सेकंदांचा. पहिल्या अर्ध्या मिनिटाला सहाच आकडे येतात. हे बघ, लिहून ठेवलेत. पाचव्या सेकंदाला ७४, दहाव्याला ६९, पंधराव्याला ५१, विसाव्याला ६०, पंचविसाव्याला ५७ आणि तिसाव्याला ५८.

मामा: सहाच? मग व्हिडिओ अर्ध्या तासाचा असला तर?

भाची: तर एक भाग अठरा सेकंदांचा होईल आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातून जेमतेम दीड आकडा हाती लागेल. लांब व्याख्यानाच्या व्हिडिओवर "नेमकं सातव्या सेकंदाला लोक गेले" असं कुणी सांगत असेल तर तो अंदाज सांगतोय. रेघ सलग दिसते, पण ती ठिपके जोडून काढलेली असते.

मामा: आता माझं ऐक. पाचव्या सेकंदाला सव्वीस गेले, म्हणजे सुरुवात वाईट, असं तू म्हणणार. मग म्हणशील की मामा, समुद्र काढून टाक, पहिल्या सेकंदाला तलवार दाखव, ओरडून बोल. मला ते जमणार नाही. नाटकात तिसऱ्या घंटेनंतरही पडदा सावकाश वर जातो, प्रेक्षक जागेवर स्थिरावतो, मग पहिलं वाक्य येतं. विषयात शिरायला माणसाला वेळ लागतो.

भाची: नाटकाच्या प्रेक्षकानं तिकीट काढलेलं असतं, लोकल पकडून तो आलेला असतो. नाटक आवडेल की नाही हे त्यानं घरीच ठरवलं. फोनवरचा प्रेक्षक ते ठरवतो तुझ्या पहिल्या पाच सेकंदांत. तरीही समुद्र काढ असं मी अजून म्हटलेलं नाही. सव्वीस गेले हे कळलं. का गेले ते ग्राफ सांगत नाही, ते आपल्याला शोधावं लागेल.

मामा: शोध. मी बसलोय.

भाची: पहिला प्रश्न असा, की पाच सेकंदांत सव्वीस जाणं जास्त आहे का? सुरुवातीची घसरण प्रत्येक व्हिडिओला असते. कुणाचं बोट चुकून लागतं, कुणी नाव नीट न वाचताच उघडतो. म्हणून नुसता आकडा बघून काही कळत नाही. स्टुडिओत या रेघेमागे करडा पट्टा दिसतो. तो आपल्याच साधारण तेवढ्या लांबीच्या गेल्या दहा व्हिडिओंवरून काढलेला असतो. त्या पट्ट्यात पाचव्या सेकंदाला आपले ८६ असतात, इथे ७४ आहेत. म्हणजे सव्वीसांतले चौदा नेहमीचेच जाणारे. जास्तीचे गेले ते बारा. एकूण व्ह्यूज चौदाशे, त्याचे बारा टक्के म्हणजे एकशे अडुसष्ट. शोध घ्यायचा तो या एकशे अडुसष्टांचा.

मामा: एवढ्याशा फरकावर विसंबायचं? आज ७४ दिसतात, उद्या ७६ दिसतील.

भाची: दोन-तीनचा फरक सोडूनच द्यायचा. चौदाशे व्ह्यूजवर अशा आकड्यात साधारण अडीच टक्के इकडे-तिकडे नुसत्या योगायोगानं होतात. व्ह्यूज दोनशेच असते तर सात टक्क्यांपर्यंतही झाले असते. म्हणून पंचविसाव्याला ५७ आणि तिसाव्याला ५८ यात मी काही वाचत नाही. बारा मात्र योगायोगाच्या बाहेरचे आहेत. शिवाय व्हिडिओ टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी ग्राफला भिडायचं नाही. आकडे तयार व्हायला एक-दोन दिवस जातात आणि सुरुवातीला आपलीच माणसं बघत असतात. अनोळखी लोक नंतर येतात, तेव्हा रेघ खाली सरकते. दोन दिवसांची रेघ आणि महिन्याभराची रेघ शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत ठरलेली.

मामा: मान्य. मग हे बारा कुणाचे?

भाची: इथेच खरी मजा आहे. हाच ग्राफ सबस्क्राइबर आणि सबस्क्राइब न केलेले असा वेगळा करून बघता येतो. आपल्या व्ह्यूजमध्ये सबस्क्राइबर साधारण सत्तावीस टक्के. पाचव्या सेकंदाला त्यांच्यातले ९० थांबलेत, इतरांतले ६८. चित्र वाईट असतं, आवाज दबलेला असता, तुझा समुद्र कंटाळवाणा असता, तर आपली माणसंही उठली असती. ती बसून आहेत. म्हणजे दोष पडद्यावर काय दिसतंय त्याचा नसावा. बाहेरून येणारा काय बघायच्या अपेक्षेनं आला, तिथे काहीतरी बिनसलंय.

मामा: काय अपेक्षेनं आला असेल? नाव तर सरळ आहे, "धारावी किल्ला: वसईच्या आधीची लढाई".

भाची: मामा, तू भाईंदरचा आहेस म्हणून तुला ते सरळ वाटतं. नागपूरच्या माणसाला धारावी म्हटल्यावर काय आठवेल?

मामा: अरे देवा. मुंबईची धारावी.

भाची: तिसऱ्या सेकंदाला मी पडद्यावर पट्टी टाकली आहे, "चौक, भाईंदर पश्चिम". ती वाचली की त्याला कळतं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. आता हे मी ग्राफवरून म्हणत नाहीये. पाच सेकंदांच्या ठिपक्यात तिसरं सेकंद वेगळं दिसत नाही. म्हणून दुसरीकडे ताडून पाहिलं. लोक कुठून आले याच्या यादीत सर्च हा रकाना असतो आणि त्याच्या आत त्यांनी शोधलेले शब्द मिळतात. चौदाशेतले सहाशे व्ह्यूज सर्चमधून आले. त्यात वरचे शब्द नुसतं "धारावी" आणि "धारावी किल्ला मुंबई". "भाईंदर" बरंच खाली. सर्चमधून आलेला सरासरी ५५ सेकंद थांबतो. चॅनेलच्या पानावरून आलेला तीन मिनिटं दहा सेकंद.

मामा: त्यांचं तरी काय चुकलं? मुंबईच्या धारावीतही किल्ला आहेच. रिवा किल्ला, लोक काळा किल्ला म्हणतात. इंग्रजांनी १७३७ साली बांधला, मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमानं. तसा शिलालेखच आहे तिथे.

भाची: बघ. म्हणजे तो माणूस काळा किल्ला बघायला आला आणि त्याला मिळालं उत्तनच्या बाजूचं डोंगर-समुद्राचं चित्र.

मामा: आणि समज, त्याला एवढंच हवं होतं की हा किल्ला आहे तरी कुठे. पट्टी वाचली, उत्तर मिळालं, गेला. तुझ्या हिशोबात तो पळून गेला. माझ्या हिशोबात त्याचं काम झालं.

भाची: बरोबर आहे. समाधानानं गेलेला आणि वैतागून गेलेला, दोघे ग्राफवर सारखेच दिसतात. एखाद्याची बस आली म्हणून त्यानं फोन खिशात टाकला, तोही तसाच दिसतो. रेघ ठिकाण दाखवते, कारण दाखवत नाही.

मामा: मग यावर उपाय सोपा आहे. नावात "भाईंदरचा" घाल. चुकलेले येणारच नाहीत, तुझा टक्का वर जाईल.

भाची: टक्का जाईल. पण हिशोब करून बघ. आज चौदाशेचे अठ्ठावन्न टक्के म्हणजे आठशे बारा व्ह्यूज तिसाव्या सेकंदापर्यंत पोचतात. समज, नाव बदलल्यावर चुकीचे तीनशे आलेच नाहीत, व्ह्यूज अकराशे झाले आणि टक्का सत्तरवर गेला. अकराशेचे सत्तर टक्के म्हणजे सातशे सत्तर. टक्का बारांनी वाढला आणि बघणारे बेचाळीसांनी घटले. नुसत्या टक्क्याकडे बघणारा आनंदानं पेढे वाटेल.

मामा: म्हणजे चुकून येणाऱ्यांतलेही काही रमतात.

भाची: रमतात ना. म्हणून टक्का आणि संख्या दोन्ही शेजारी मांडायची. आता दुसरी जागा बघ. दहाव्याला ६९, पंधराव्याला ५१, विसाव्याला परत ६०. हा कसला आकार?

मामा: खड्डा. तूच सांगितलंस.

भाची: आणि त्या वेळी पडद्यावर काय आहे?

मामा: आपला लोगो. दहाव्या सेकंदाला सुरू होतो, सोळाव्याला संपतो. ती तुतारी वाजते.

भाची: मोबाइलवर पडद्याच्या उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ दहा सेकंदं पुढे जातो. लोगो सुरू झाला, टिचकी मारली, थेट विसाव्याच्या आसपास. पंधराव्याला तो माणूस नसतो, विसाव्याला पुन्हा असतो. आता पुन्हा दोन गट वेगळे करू. सबस्क्राइबर दहाव्याला ८७, पंधराव्याला ४२, विसाव्याला ७८. त्यांच्यातले निम्म्याहून जास्त लोक तुतारीच्या वेळी नव्हते, पण कायमचे गेले फक्त नऊ.

मामा: आपलीच माणसं आपला लोगो उडवतात?

भाची: त्यांनी तो दहा वेळा पाहिलाय. आणि आता बाकीचे बघ. दहाव्याला ६२, पंधराव्याला ५४, विसाव्याला ५३. इथे खड्डा नाही, पायरी आहे. अनोळखी माणूस उडी मारत नाही. तो निघून जातो. उडी मारायला पुढे काहीतरी चांगलं आहे हा विश्वास लागतो, आणि तो आपल्या नेहमीच्या प्रेक्षकालाच आहे. एकत्र रेघेत ही दोन वागणी एकमेकांत मिसळून गेली होती. लोगो एकच, पण एका गटाला त्याचा त्रास होतो आणि दुसऱ्या गटाला तो घालवतो.

मामा: मग करड्या पट्ट्यानं हे आधी का नाही सांगितलं? तिथे तर या जागी सगळं नेहमीसारखं दिसतंय.

भाची: हा प्रश्न तू विचारलास म्हणून मला बरं वाटलं, कारण बहुतेक जण इथेच गाफील राहतात. पट्टा आपल्याच जुन्या व्हिडिओंवरून बनतो आणि त्या सगळ्यांत दहाव्या सेकंदाला लोगो आहे. त्यामुळे पट्ट्यालाही तिथे खड्डा आहे. रेघ पट्ट्याच्या आत दिसते आणि स्टुडिओला सगळं नेहमीचं वाटतं. या व्हिडिओपुरतं काही बिघडलं असेल तर पट्टा ते दाखवतो. प्रत्येक व्हिडिओत आपण करत आलेली चूक तो झाकून टाकतो. म्हणून पहिली पायरी पट्ट्याच्या बाहेर दिसली आणि लोगोची आत लपली.

मामा: म्हणजे दोन वेगळे आजार. पहिला या व्हिडिओचा, दुसरा आपल्या सवयीचा.

भाची: आणि औषधंही वेगळी. पहिली पायरी मोठी दिसते म्हणून सगळे तिलाच धरतात, पहिल्या पाच सेकंदांत फटाके लावतात. आपल्याकडे फटाक्यांनी काय होणार? काळा किल्ला शोधणारा फटाक्यांनंतरही जाणारच.

मामा: थांब. मला एक सुचतंय. तो काळा किल्ला शोधणारा आणि आपला विषय एकमेकांपासून फार लांब नाहीत. १७३७ सालीच मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टीत पाय रोवला, आणि त्याच साली मुंबईत इंग्रज हा काळा किल्ला बांधत होते. इकडे आपला धारावी किल्ला वसई खाडीच्या तोंडाशी, वसईच्या समोर. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पडली. एकाच युद्धाच्या धामधुमीतले हे दोन किल्ले आहेत. मग त्या माणसाला आपण परत का पाठवतोय? पहिलंच वाक्य असं म्हणू: "हा मुंबईतला काळा किल्ला नव्हे. हा भाईंदरचा धारावी किल्ला, ज्यानं वसईची वाट मोकळी केली."

भाची: पुन्हा म्हण, मी घड्याळ लावते. साडेसहा सेकंद.

मामा: जास्त झाले?

भाची: नाही. पहिलं वाक्य अडीच सेकंदांत संपतं आणि तेच महत्त्वाचं आहे. चुकून आलेल्याला ताबडतोब कळतं की आपण चुकलो, पण त्याच श्वासात पुढचं कुतूहलही मिळतं. ज्याला जायचं तो जाईल. मी पट्टी हळूच टाकून त्याला हाकलत होते, तू त्याला उंबऱ्यावरच नीट सांगतोस. खरं सांगू, हे मला संकलनाच्या टेबलावर सुचलं नसतं. यासाठी इतिहास माहीत असावा लागतो.

मामा: आणि मला हे सुचलं नसतं, जर काय शोधून लोक आले ते तू दाखवलं नसतंस. पण समुद्र राहू दे हं.

भाची: समुद्र राहतो. चित्र समुद्राचंच आणि आवाज तुझा. सावकाश बोलण्याबद्दल ग्राफची काहीच तक्रार नाही. अठ्ठाविसाव्या सेकंदानंतर तू कथेकडे वळतोस तिथे रेघ जवळजवळ सपाट आहे. तुझा वेग कुणाला खटकत नाही.

मामा: मग ते "नमस्कार मंडळी, लाइक करा, शेअर करा"? सोळा ते अठ्ठावीस तेच चाललंय.

भाची: त्यानं फारसे गेले नाहीत, विसाव्याला ६० आणि पंचविसाव्याला ५७. पण एवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही. कंटाळणारे त्याआधी लोगोतच गेले होते. एकदा चाळण झाली की पुढच्या चाळणीत थोडंच अडकतं. लोगो काढल्यावर कदाचित पायरी इथे सरकेल. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा.

मामा: या चढवलेल्या व्हिडिओत आता काय बदलता येतं?

भाची: नाव आणि थंबनेल कधीही बदलता येतात. स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो, म्हणजे लोगो निघेल. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं तसंच राहतं. फक्त खाली वर्णनात वेळा लिहिल्या असतील तर त्या सहा सेकंदांनी मागे घ्यायच्या. नवीन वाक्य मात्र आत घालता येत नाही, कारण तिथे कापता येतं, जोडता येत नाही. तुझं वाक्य पुढच्या व्हिडिओसाठी. आज नाव बदलू, "भाईंदरचा धारावी किल्ला" असं. पंधरा दिवस थांबू. मग ग्राफला फक्त त्या पंधरा दिवसांची तारीख लावून बघू, नाहीतर जुने चौदाशे व्ह्यूज नव्यांत मिसळतील. त्यानंतर लोगो कापू आणि पुन्हा पंधरा दिवस.

मामा: आणि पाचव्या सेकंदाचा आकडा नव्या नावानंतरही चौऱ्याहत्तरच राहिला तर?

भाची: तर माझा तर्क चुकीचा. काळ्या किल्ल्याची गोष्ट छान जुळली म्हणून ती खरी ठरत नाही. मग सर्चचे शब्द पुन्हा बघायचे, थंबनेलवर काय दिसतं ते तपासायचं. पण तपासाआधीच ठरवून ठेवायचं की काय दिसलं तर आपण चुकलो. नाहीतर ग्राफमध्ये माणसाला हवं तेच दिसतं.

मामा: माझा एक आग्रह लिहून ठेव. तिसाव्या सेकंदाचा आकडा वाढवायचा म्हणून शेवटचा तोफांचा प्रसंग कापून सुरुवातीला लावायचा नाही. मी ते बऱ्याच व्हिडिओंत पाहतो.

भाची: लावला तर तीसचा आकडा वाढेलही. पण ते बघायला थांबलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला वाट बघून कंटाळतो, आणि मूळ ठिकाणी तोच प्रसंग आला की "हे पाहिलंय" म्हणून उडी मारतो. म्हणजे इथली पायरी उचलून तिथे ठेवली. ते कळायला ग्राफ तीस सेकंदांवर न थांबता शेवटपर्यंत वाचावा लागतो. तीसचा आकडा वर आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाची रेघ नेहमीपेक्षा खाली, असं दिसलं की समजायचं, सुरुवातीनं जे कबूल केलं ते व्हिडिओनं पाळलं नाही.

मामा: म्हणजे तू आणि मी एकाच बाजूला आलो की.

भाची: पूर्ण नाही. जाणारा गेला तर जाऊ द्यावा, असं तू अजूनही म्हणशील.

मामा: म्हणेन. काळा किल्ला शोधणारा गेला तर त्याला जाऊ दे.

भाची: आणि मी म्हणेन, तो का गेला हे माहीत असल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही.

या वादाचा निकाल असा. तीस सेकंदांचा टक्का हा व्हिडिओचा गुण नाही. शोध कुठे घ्यायचा याची ती खूण आहे. स्वतःचा ग्राफ उघडाल तेव्हा रेघ परत चढते का ते आधी बघा. चढत असेल तर लोक काहीतरी उडवतायत, तो तुकडा कापा. चढत नसेल तर सबस्क्राइबर आणि इतर वेगळे करा. दोघेही जात असतील तर दोष व्हिडिओत शोधा, फक्त अनोळखी जात असतील तर आधी नाव, थंबनेल आणि सर्चचे शब्द तपासा. करडा पट्टा नेहमीचं दाखवत असला तरी प्रत्येक व्हिडिओत जे तुम्ही करत आलात ते एकदा संशयानं बघा. आणि कात्री उचलण्याआधी, टक्क्याशेजारी व्ह्यूजची संख्या लिहायला विसरू नका.